तंजावरचा मंडप ठरवताना

लग्न जमले की पहिली धावपळ कार्यालयाची. पुण्यात किंवा नागपुरात कार्यालय घ्यायचे असेल तर घरातले कोणीतरी संध्याकाळी स्कूटरवर जाऊन पाहून येते, मालकांशी दोन शब्द बोलते आणि भाव ठरवून परत येते. परंतु सोयरीक तंजावरकडची असेल आणि लग्न तिकडेच व्हायचे असेल तर काय करावे? हा प्रश्न अगदीच विरळा नाही. शिवाजी महाराजांचे धाकटे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे मराठी राज्य स्थापले. ते १८५५ पर्यंत चालले. राज्य गेले तरी माणसे राहिली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही दिसतो, आणि गावातल्या जुन्या मराठी घरांतून आजही आपल्या वळणाची मराठी ऐकू येते. या घरांशी महाराष्ट्रातल्या घरांच्या सोयरिकी होतात. मग इकडची मंडळी तिकडच्या मंडपाला फोन करतात, आणि गैरसमजाची सुरुवात बहुधा त्या पहिल्या फोनपासूनच होते.

फोनवर आपण विचारतो, ‘११ तारखेला हॉल रिकामा आहे का? तीनशे माणसे आहेत. काय घ्याल?’ तिकडून उत्तर येते, ‘आहे. साठ हजार.’ दोघांनाही वाटते की सगळे बोलणे झाले. खरे म्हणजे ‘११ तारीख’, ‘तीनशे माणसे’ आणि ‘साठ हजार’ या तिन्ही शब्दांचा अर्थ दोघांनी वेगवेगळा धरलेला असतो. म्हणून चौकशी लेखी करावी आणि या तीन गोष्टी तिच्यात उलगडून लिहाव्यात. त्या कशा, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, मुलगी पुण्याची, मुलगा तंजावरचा. लग्न तंजावरला, गुरुवार ११ फेब्रुवारी २०२७ रोजी. मुहूर्त दुपारी १२ वाजून २० मिनिटांचा. खर्च मुलीकडचे करणार आहेत, त्यामुळे चौकशीही त्यांनीच करायची आहे.

‘एक दिवस’ म्हणजे किती तास?

तामिळनाडूत लग्नाच्या हॉलला कल्याण मंडपम् म्हणतात. तेथील बरीचशी लग्ने सकाळी लवकर लागतात. आदल्या संध्याकाळी वराकडची मंडळी येतात, स्वागत होते, रात्रीचे जेवण होते, सगळे मंडपातच मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त, दुपारी जेवण, की मंडप रिकामा. म्हणून तिथल्या मंडपाचा ‘एक दिवस’ बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी सुरू होतो आणि लग्नाच्या दिवशी दुपारी संपतो. आपल्याकडे ‘११ तारखेला कार्यालय’ म्हटले की ११ ची सकाळ ते ११ ची रात्र असे आपण समजतो.

आता आपले उदाहरण या चौकटीत बसवून पाहा. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आहे, ते त्यांच्या चौकटीत आपोआप बसते. ही सोयच झाली. अडचण येते ती दुपारी. मुहूर्त १२.२० चा. मंगलाष्टके, अक्षता, हार-तुरे होऊन पहिली पंगत बसायला पाऊण वाजणार. भोजनगृहात एका वेळी शंभर पाने मांडता येत असतील तर तीनशे माणसांच्या तीन पंगती होतील. एक पंगत बसून, उठून, टेबले पुसून पुन्हा पाने मांडायला चाळीस मिनिटे धरली तर तिसरी पंगत पावणेतीनला उठेल. त्यानंतर घरची मंडळी आणि वाढपी जेवणार. म्हणजे साडेतीन वाजले. मग निरोप, सामान बांधणे, सूनमुख, वरात. पाच वाजल्याशिवाय मंडप रिकामा होत नाही. मंडपाची वेळ दोन वाजता संपत असेल आणि संध्याकाळी दुसऱ्या कोणाचे कार्य असेल, तर तिसरी पंगत बसलेली असतानाच रखवालदार दिवे मालवायला येईल.

म्हणून चौकशीत फक्त तारीख लिहू नये. ‘बुधवार १० तारखेच्या दुपारी ३ पासून गुरुवार ११ तारखेच्या संध्याकाळी ५ पर्यंत’ असे वार आणि तासांसह लिहावे आणि त्यापुढे प्रत्येक जादा तासाचा दर विचारावा. मुख्य सभागृहात किती खुर्च्या बसतात हे सगळेच सांगतात. भोजनगृहात एका वेळी किती पाने बसतात, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि दुपारचे सगळे वेळापत्रक त्याच एका आकड्यावर उभे असते.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंडपांची गर्दी तिकडच्या पंचांगाप्रमाणे होते. मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी हा त्यांचा मार्गळी महिना आणि मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट हा आडी महिना. या दोन महिन्यांत तिकडे सहसा लग्ने होत नाहीत. मार्गळी संपून मध्य जानेवारीला तै महिना लागला की थांबलेली लग्ने एकदम निघतात. आपली ११ फेब्रुवारी नेमकी तै महिन्याच्या अखेरीस येते. अशा वेळी पुरोहितांकडून दोन तारखा काढून घ्याव्यात आणि चौकशीत दोन्ही लिहाव्यात, पहिली पसंती कोणती ते सांगून. राहुकाळही तिकडे कसोशीने पाळतात. गुरुवारी तो साधारणपणे दुपारी दीड ते तीन धरला जातो. आपला मुहूर्त त्यात येत नाही, परंतु मुलीची पाठवणी त्या वेळेत ठेवली तर विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडेल. मंडपाची वेळ पाचपर्यंत मागण्याचे हेही एक कारण.

‘तीनशे माणसे’ म्हणजे किती पाने?

तिकडचे केटरर जेवणाचा दर बहुधा इलैमागे, म्हणजे केळीच्या पानामागे सांगतात. आपणही ‘पान वाढले’ असेच म्हणतो, तेव्हा हिशेब समजायला अवघड नाही. मात्र निमंत्रितांची संख्या आणि पानांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीनशे माणसे प्रत्येक जेवणाला नसतात, आणि जी असतात त्यांच्याशिवायही काही तोंडे असतात.

आपल्या उदाहरणात बुधवारी रात्री पुण्याहून आलेली आणि घरची मिळून ११० माणसे जेवतील. गुरुवारी सकाळी न्याहारीला १६० असतील. दुपारी ३०० निमंत्रित, आणि शिवाय नादस्वरम् व तविल वाजवणारे, पुरोहित, फोटोवाले, मोटारींचे चालक असे २५, एकूण ३२५. संध्याकाळी निघण्यापूर्वी कॉफी आणि काहीतरी खाणे, ते साठांना. अशी चार वेळांची मिळून ६५५ पाने झाली. न्याहारीच्या पानाचा दर आणि मुहूर्ताच्या जेवणाच्या पानाचा दर अर्थातच एक नसतो. म्हणून प्रत्येक वेळेची संख्या वेगळी लिहावी आणि प्रत्येकीचा दर वेगळा मागवावा. ‘माणशी इतके’ असा एकच आकडा कोणी दिला, तर त्यात कोणकोणती खाणी धरली आहेत हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

पुढचा मुद्दा हमीच्या संख्येचा. केटरर किमान काही पानांची हमी मागतो. तेवढी पाने उठली नाहीत तरी पैसे द्यावे लागतात. पुण्याहून तंजावरला येतो म्हणणाऱ्यांपैकी सगळे येत नाहीत. लांबचा प्रवास, मुलांच्या परीक्षा, कोणाचे दुखणे, काहीतरी निघतेच. दुपारच्या ३२५ पानांची हमी दिली आणि २८५ च उठली, तर चाळीस पानांचे पैसे वाया जातात. पानाला अडीचशे रुपये धरले तर हे दहा हजार झाले. त्यापेक्षा हमी २८० ची द्यावी, आणि ‘३२५ पर्यंत पाने त्याच दराने वाढण्याची तयारी ठेवावी’ असे लिहून घ्यावे. अंतिम संख्या किती दिवस आधी कळवायची तेही विचारावे.

पाने मोजायची कशी, हेही आधीच ठरलेले बरे. मांडलेले प्रत्येक पान मोजायचे की ज्यावर माणूस जेवला तेच? दर पंगतीला घरचा एक जाणता माणूस आणि केटररचा एक माणूस यांनी मिळून पाने मोजावीत आणि तिथल्या तिथे वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी. रात्री हिशेबाला बसल्यावर ‘तुमचे किती, आमचे किती’ हा वाद मग उरत नाही.

जेवण सांगण्याची दुसरीही एक पद्धत आहे. आचारी नुसती मजुरी घेतो, सामानाची यादी देतो आणि किराणा, भाजी, दूध, पाने सगळे आपण आणून द्यायचे. उरलेले सामान आपले राहते, आणि खर्चही कमी येऊ शकतो. परंतु पहाटे तीन वाजता दूध कमी पडले तर ते आणणारा माणूस गावातला हवा. व्याह्यांकडचे कोणी ती जबाबदारी आपणहून घेत असेल तरच हा मार्ग धरावा. पुण्याहून आलेल्यांनी सामानासह पूर्ण ठेकाच द्यावा. चौकशीतही ‘सामानासह दर कळवावा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर एकाचा मजुरीचा आकडा आणि दुसऱ्याचा पूर्ण ठेक्याचा आकडा शेजारी ठेवून आपण पहिल्याला स्वस्त समजून बसतो.

‘साठ हजार’ मध्ये काय काय?

भाड्याच्या आकड्याबाहेर राहणाऱ्या गोष्टी तिकडे ठरलेल्या आहेत. अनेक मंडपांत वीज मीटरप्रमाणे वेगळी आकारतात, जनरेटरचे डिझेल तासांवर, साफसफाई वेगळी, भांड्यांचे भाडे वेगळे. हिशेबासाठी काही आकडे धरू. पहिला मंडप साठ हजार सांगतो. त्यावर वीज ९,०००, जनरेटर ६,०००, साफसफाई ५,००० आणि दोन ते पाच असे तीन जादा तास, तासाला ३,००० प्रमाणे ९,०००. एकूण ८९,००० झाले. दुसरा मंडप पाचपर्यंतच्या वेळेसह सगळे मिळून ८५,००० सांगतो. फोनवर पंचवीस हजारांनी महाग वाटलेला मंडप प्रत्यक्षात चार हजारांनी स्वस्त निघाला. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, परंतु बेरीज करण्याची रीत हीच.

वीज मीटरप्रमाणे असेल तर ताब्यात घेताना आणि परत देताना दोन्ही वेळा मीटरचा आकडा आपल्या माणसाने पाहून लिहून ठेवावा. भांडी मोजून घ्यावीत व मोजून द्यावीत. अनामत रक्कम त्यावरच अडते.

आता हे सगळे एका पत्रात मांडू. प्रत्यक्षात ते इंग्रजीत लिहावे, किंवा व्याह्यांकडून तमिळमध्ये लिहवून घ्यावे. मसुदा असा :

‘व्यवस्थापक महाशय, सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीचा विवाह तंजावर येथे करण्याचे ठरले आहे. त्यासाठी आपला मंडप गुरुवार ११ फेब्रुवारी २०२७ रोजी हवा आहे. ही तारीख मोकळी नसल्यास सोबत कळवलेल्या दुसऱ्या तारखेची स्थिती सांगावी. ताबा आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी ३ पासून गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत लागेल. मुहूर्त दुपारी १२.२० चा आहे.

जेवणाची अंदाजे पाने : बुधवारी रात्री ११०, गुरुवारी न्याहारी १६०, दुपारी ३२५ (हमी २८०), संध्याकाळी फराळ ६०. जेवण शाकाहारी, कांदा-लसणाशिवाय.

कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. १. वरील वेळेचे भाडे आणि पुढील प्रत्येक तासाचा दर. २. भोजनगृहात एका वेळी किती पाने बसतात. ३. मुक्कामाच्या खोल्या किती, त्यांत वातानुकूलित किती, आणि पहाटे ४ पासून गरम पाणी मिळेल का. ४. वीज, जनरेटर, साफसफाई, भांडी, पिण्याचे पाणी यांपैकी भाड्यात काय आहे आणि वेगळे काय आहे, त्याचे दर. ५. व्यासपीठावर होम करता येईल का. ६. बाहेरचा केटरर चालेल की आपलाच घ्यावा लागेल. आपला असल्यास प्रत्येक वेळेच्या पानाचा सामानासह दर आणि पदार्थांची यादी. ७. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा. ८. आगाऊ रक्कम, अनामत, आणि लग्न पुढे ढकलल्यास किंवा रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम.

हा दर किती दिवस कायम राहील तेही कळवावे. आमचे व्याही तंजावरलाच राहतात. ते येत्या आठवड्यात मंडप पाहून जातील. कळावे.’

यातला पाचवा प्रश्न काहींना अनावश्यक वाटेल. पण वातानुकूलित सभागृहांत धुरामुळे होमाला मनाई असू शकते, किंवा तो बाहेरच्या ओसरीत करायला सांगतात. हे आदल्या संध्याकाळी कळून उपयोग नाही. सहाव्या प्रश्नाला ‘आमचाच केटरर’ असे उत्तर आले तर मंडप आणि जेवण यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

केटररला पदार्थांची नुसती नावे लिहून चालत नाही. ‘वरण’ म्हटले तर सांबार येण्याचा संभव फार. तेव्हा ‘तुरीची डाळ शिजवून, घोटून, हळद, हिंग, मीठ आणि थोडा गूळ. चिंच नाही, भाजी नाही, मिरची नाही’ असे लिहावे. पुरणपोळीची अडचण नाही. तिकडे ती बोळी या नावाने घरोघर माहीत आहे, फक्त गूळ-हरभऱ्याची हवी की खोबऱ्याची ते सांगावे. आपले तीन-चार पदार्थ असे नीट समजावून द्यावेत आणि बाकीचे पान तिकडच्या आचाऱ्याच्या हाती सोपवावे. त्याच्या हातचे रसम् आणि पायसम् पुण्याच्या पाहुण्यांनाही आवडेल. कॉफी पानात धरली आहे की वेगळी, हे मात्र विचारावे. लग्नघरात ती दिवसभर चालते. निरोपाच्या वेळी प्रत्येक पाहुण्याला नारळ-विडा घातलेली तांबूलाची पिशवी देण्याचा तिकडे रिवाज आहे. ती केटरर देणार की आपण, आणि किती, हेही ठरवून घ्यावे.

उत्तर आल्यावर आधी पाहावे की आठही प्रश्नांना उत्तर आहे का. जो मालक ‘सगळे करू, काळजी नको’ एवढेच म्हणतो, त्याला तेच प्रश्न पुन्हा नम्रपणे पाठवावेत. त्याच्या मनात खोट असेलच असे नाही. त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांना सगळे ठाऊक असते, म्हणून त्याला सांगायची सवय नसते. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही तर दुसरा मंडप पाहावा.

प्रत्यक्ष पाहणी व्याह्यांना करू द्यावी, आणि शक्य तर कार्य चालू असताना, दुपारी एकच्या सुमारास. रिकामा मंडप नेहमीच चांगला दिसतो. पंगत उठताना हात धुण्याच्या जागी पाणी तुंबते का, जेवणघरात पंखे पुरतात का, म्हातारी माणसे किती पायऱ्या चढतात, हे भरल्या मंडपातच कळते. त्रिचीच्या विमानतळावरून येणाऱ्यांना मोटारीने साठेक किलोमीटर यायचे असते, तेव्हा बुधवारी संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्यांना खोली आणि जेवण मिळेल का, तेही व्याह्यांनी तोंडी विचारून घ्यावे.

आगाऊ रक्कम या पत्रोत्तरानंतरच पाठवावी, आणि ती मंडपाच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या नावाच्या खात्यात. पावतीवर दोन्ही तारखा आणि दोन्ही वेळा लिहून घ्याव्यात. पावतीवर फक्त ‘११ फेब्रुवारी’ असेल तर ती परत पाठवून दुरुस्त करून मागावी. आपली ११ आणि त्यांची ११ एकच आहे, हे त्या एका ओळीवरून ठरते.